आडव्या आठाचं क्षेत्रफळ

माझ्या वर्गात एक नियम होता आणि तो मी पहिल्याच तासाला सांगून टाकायचे. उत्तर अशक्य आलं, तर अख्ख्या प्रश्नाला भोपळा. संभाव्यता एकापेक्षा जास्त आली, भोपळा. क्षेत्रफळ उणे आलं आणि तसंच ठेवून पुढे गेलात, भोपळा. मधल्या पायऱ्या कितीही सुबक असोत, मी बघत नसे. इंजिनिअर होणाऱ्या माणसाला आपल्या उत्तराकडे बघून लाज वाटली पाहिजे, असं माझं म्हणणं. पोरं मागे मला ‘भोपळेबाई’ म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

सातपूर ओलांडून थोडं पुढे आमचं इंजिनिअरिंगचं कॉलेज. तिथे मी दुसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलच्या मुलांना गणित शिकवते. कॉलेज स्वायत्त असल्यामुळे पेपर आम्हीच काढायचा आणि आम्हीच तपासायचा. निकाल पक्का होण्याआधी एक दिवस मुलांना तपासलेले पेपर दाखवायचे. तो दिवस मला बिलकुल आवडत नाही. अर्धी मुलं बेरीज तपासत बसतात आणि उरलेली अर्धी चेहरा पाडून अर्ध्या मार्काची भीक मागतात.

त्या वर्षीचा गणिताचा पेपर मी काढला होता. त्यात एक प्रश्न माझ्या लाडक्या विषयावरचा, बंद वक्राने वेढलेलं क्षेत्रफळ काढण्याचा. हे सूत्र शिकवताना मला अजून पहिल्यासारखा आनंद होतो. वक्रावरच्या बिंदूचे एक्स आणि वाय हे दोन्ही टी नावाच्या एका तिसऱ्याच राशीवर चालतात. टी म्हणजे घड्याळ समजा. घड्याळ पुढे सरकतं तसा बिंदू कडेकडेने फिरतो आणि फेरी पुरी करून मूळ जागी येतो. त्या फेरीभर एक्स गुणिले डीवाय वजा वाय गुणिले डीएक्स याचं संकलन करायचं आणि निम्मं करायचं, की झालं क्षेत्रफळ. आत पाऊलसुद्धा न टाकता, नुसतं कुंपणाकडेने चालून आतली जमीन मोजायची. याहून मोठी जादू मला कोणी दाखवलेली नाही.

दरवर्षी या प्रश्नात तोच तो चार टोकांचा चांदणीसारखा वक्र विचारला जातो. पोरांनी त्याचं उत्तर पाठच केलेलं असतं. तेव्हा यंदा मी म्हटलं, थांबा, दाखवते. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी नवा वक्र काढला. एक्स बरोबर साईन टी, वाय बरोबर साईन टी कॉस टी, आणि टी शून्यापासून दोन पायपर्यंत, म्हणजे घड्याळाची पुरी एक फेरी. आकृती काढली की इंग्रजी आठ आडवा पाडल्यासारखी दिसते, उगमबिंदूपाशी गाठ आणि दोन्ही बाजूंना एकेक पाकळी. दिसायला देखणा, सोडवायला सोपा.

उत्तरही लगेच काढलं. एक्स डीवाय वजा वाय डीएक्स केलं की सगळं छान गळून जातं आणि उरतो फक्त उणे साईनचा घन. त्याचं शून्यापासून दोन पायपर्यंत संकलन. इथे आम्हा गणितवाल्यांचा हात एकाच वळणाने जातो. शून्य ते दोन पाय दिसलं, की शून्य ते अर्धा पाय काढायचं आणि चारने गुणायचं. अर्ध्या पायपर्यंत दोन तृतीयांश येतात, त्याची चौपट, त्याचं निम्मं, चार तृतीयांश. उणे चिन्ह दिशेचं, ते सोडून दिलं. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत काम झालं. तरी मी आंधळेपणाने काही करत नाही, म्हणून टी काढून टाकून साध्या रीतीनेही क्षेत्रफळ काढून पाहिलं. तेच, चार तृतीयांश. दोन वाटांनी एकच गाव आलं, म्हटल्यावर शंका कसली? सहा मार्कांचा प्रश्न आणि आदर्श उत्तर लिफाफ्यात घालून मी परीक्षा विभागाला देऊन टाकलं.

पेपर तपासताना जवळजवळ सगळ्यांचं चार तृतीयांश आलं होतं. मी शिकवलेलंच होतं ना. एका पेपरात मात्र सगळ्या पायऱ्या नीट लिहून शेवटी ठळक अक्षरात ‘क्षेत्रफळ = ०’ लिहिलेलं. शेजारी त्याच हाताने आडवा आठ काढलेला, दोन्ही पाकळ्या चांगल्या गलेलठ्ठ. म्हणजे समोर भरलेलं ताट आहे आणि ही म्हणते, जेवायला काही नाही! माझं डोकंच फिरलं. मी त्या उत्तरावर वरपासून खालपर्यंत लाल रेघ ओढली, भोपळा दिला आणि समासात लिहिलं, ‘डोळे उघडे ठेवून बघत जा!’ उद्गारचिन्हाने कागद फाटायचाच राहिला होता.

पेपर दाखवायच्या दिवशी ती शून्यवाली शेवटपर्यंत थांबली. घोटीकडच्या एका गावाची मुलगी. रोज एसटीने यायची, तिसऱ्या बाकावर खिडकीपाशी बसायची आणि वर्षभरात तिने मला एकही प्रश्न विचारलेला नव्हता. वर्ग रिकामा झाल्यावर ती पेपर घेऊन टेबलापाशी आली.

“मॅडम, मला छत्तीस हायेत.”

“मग? पास व्हायला चाळीस लागतात. मी काय करू?”

“सातपूरच्या कंपनीत डिझाइनला माझी निवड झालीये. वर्षभर तिथं शिकायचं, कॉलेजबरोबरच. पण एकही विषय राहिला नाय पाहिजे. शुक्रवारी यादी जाणार.”

तो बुधवार होता. मी माझं ठरलेलं वाक्य बाहेर काढलं. “हे बघ, गरज आहे म्हणून मार्क मिळत नाहीत. तसे दिले तर उद्या तू केलेल्या डिझाइनवर मी विश्वास कसा ठेवू?”

“गरज म्हणून नाय मागत, मॅडम. पाचवा प्रश्न बघा ना एकदा.” तिने पान उघडून समोर धरलं. “यात माझी चूक कुठली, ती तेवढी दाखवा. मी पेपरात तीनदा तपासलं. मला सापडली नाही.”

“चूक? अगं, क्षेत्रफळ शून्य हीच चूक! वर्गात सांगितलं होतं ना मी?”

“सांगितलं होतं. म्हणून तर लिहायचं धाडस होत नव्हतं.” मग ती हळूच म्हणाली, “पण साईनच्या घनाला चारपटीचा नियम लागत नाय, मॅडम. घात सम असला तरच लागतो. विषम असला की पहिलं अर्धं अधिक, दुसरं अर्धं उणे. तुम्हीच वहीत दिलंय.”

तिने वही आणली होती. माझ्याच फळ्यावरून उतरवलेलं, खाली लाल पेनने दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य. घात विषम असल्यास शून्य.

माझे कान गरम झाले. वीस वर्षं मी हे शिकवतेय. चांदणीच्या वक्रात साईन आणि कॉस दोघांचेही घात सम येतात, म्हणून तिथे चौपट चालते. दरवर्षी तेच करून करून हाताला वळण लागलं आणि त्या रविवारी हात डोक्याला न विचारताच पुढे गेला. ही मुलगी म्हणत होती ते बरोबर होतं. त्या संकलनाचं उत्तर शून्यच येतं. माझ्या आदर्श उत्तरातली ती पायरी चूक होती, आणि त्या चुकीच्या पायरीला मी वर्गभर पूर्ण मार्क वाटले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

पण माणूस किती चिवट असतो बघा. मी तरीही म्हटलं, “बरं, मान्य. पण चार तृतीयांश हे उत्तर बरोबर आहे की नाही? मी दुसऱ्या रीतीने पडताळलंय. दोन पाकळ्या, प्रत्येकीचे दोन तृतीयांश. शून्य कसं असेल?”

“नाहीच शून्य,” ती म्हणाली.

“अगं मग भांडतेस कशाला?”

आता ती पहिल्यांदा हसली. “भांडत नाय मॅडम. परीक्षेत मला पण कळलं नव्हतं. नंतर घरी गेले, आवणी चालली होती आमची, तेव्हा बांधावर कळलं. दाखवू?”

आवणी म्हणजे भाताची रोपं उपटून चिखलात परत लावणं. बांधावर काय कळलं असेल याचा मला अंदाज येईना. तिने खडू घेतला आणि फळा सोडून चक्क फरशीवर दोन चौकोन काढले. टोकावर उभे, एकमेकांना फक्त एका कोपऱ्यात चिकटलेले.

“ही आमची दोन खाचरं. दोन्ही सारखी. बांधावरून चालताना फुटलेलं बघायचं असतं, पाणी वाहून जातं ना. मी ह्या कोपऱ्यापासून निघाले. चला मॅडम, तुम्ही चालून बघा.”

“मी?”

“तुमच्या वक्राच्याच दिशेनं. आधी उजवीकडचं खाचर, वरच्या बांधानं.”

मी दाराकडे बघितलं. कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. साडीच्या निऱ्या जरा उचलून मी खडूच्या रेघेवरून निघाले. वरच्या कडेने उजवीकडच्या टोकाला, तिथून खालच्या कडेने परत मधल्या कोपऱ्याला.

“खाचर कोणत्या हाताला होतं?”

“उजव्या.”

“आता तसंच सरळ कोपरा ओलांडा. डावीकडच्या खाचराच्या वरच्या बांधावर जाल.”

गेले. डावीकडचं टोक गाठलं, खालच्या कडेने परत मधे आले.

“आता?”

“डाव्या,” मी म्हटलं आणि रेघेवरच उभी राहिले.

“तुमचं सूत्र डाव्या हाताची जमीन अधिक धरतं आणि उजव्या हाताची उणे. एका खाचराचं उणे दोन तृतीयांश, दुसऱ्याचं अधिक दोन तृतीयांश. मिळून शून्य. सूत्र खोटं बोलत नाय मॅडम, फक्त मधे हात बदलला ते सांगत नाय. मधल्या कोपऱ्यात थांबून दोन्ही वेगळी मोजायची आणि मग बेरीज करायची.”

वक्राची दिशा बदलली की चिन्ह बदलतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकात ते असतं, मी फळ्यावर बाणही काढते. पण माझ्या पायांना ते त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि कुंपणाकडेने चालून जमीन मोजायची जादू मी वीस वर्षं सांगत होते, ती मी स्वतः कधी चालून पाहिली नव्हती. मला एकाच वेळी लाजही वाटत होती आणि हसूही येत होतं.

“तुला सहापैकी सहा देते,” मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

तिचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. “नको मॅडम. पेपरात मी क्षेत्रफळ शून्यच लिहिलंय. ते चुकलेलंच हाये ना. बांधावरचं पेपरात कसं धरणार?”

असल्या प्रामाणिक माणसांचा मला फार राग येतो. त्यांच्यापुढे आपल्याला उगाचच ताठ बसावं लागतं.

उद्या कळवते म्हणून मी तिला घरी पाठवलं, पेपर ठेवून घेतला आणि आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. सर निवृत्तीला आलेले, शांत आणि खवचट. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “म्हणजे भोपळेबाईंचाच भोपळा फुटला म्हणायचा.”

“फुटला सर. आता काय करायचं ते सांगा.”

“काय करायचं म्हणजे? त्या प्रश्नाची नवी गुणवाटणी लिहा आणि सगळे पेपर पुन्हा काढा.”

“एकशे चाळीस आहेत.”

“मग लवकर सुरुवात करा.”

मी तिथेच बसून लिहिलं. सूत्र आणि मर्यादा, एक. डीएक्स, डीवाय, एक. सोपं रूप, एक. संकलन, एक. वक्र स्वतःलाच छेदतो हे ओळखून दोन भाग करणं, एक. शेवटचं क्षेत्रफळ, एक. लिहून झाल्यावर मनातल्या मनात तिचा पेपर चाळला. पहिल्या चार पायऱ्या बरोबर. छत्तीस आणि चार. बरोबर काठावर. उद्या कोणी म्हणालं, बाईंनी हिच्यासाठीच गुणवाटणी कापून शिवली, तर? आणि मला स्वतःलाच माझ्या मनाची खात्री कुठे होती? मला ती मुलगी आवडायला लागली होती.

म्हणून मी सरांना म्हटलं, “हा एक पेपर तुम्ही तपासा. नाव बघू नका, बेरीज बघू नका. फक्त पाचवा प्रश्न.”

त्यांनी पेपर घेतला. पेन्सिलीचं टोक ओळीवरून ओळीवर सरकत होतं. दुसऱ्या ओळीवर ते अडले. डीवाय तिने आधी खोडून पुन्हा लिहिला होता. सरांनी पेपर डोळ्यांजवळ नेला. मी श्वास धरून बसले होते. एका डीवायमुळे एक मार्क गेला तर एकोणचाळीस, आणि शुक्रवार संपला.

“अक्षर काय आहे!” सर म्हणाले. “कॉस दोन टी आहे हे. बरोबर आहे.” आणखी दोन ओळी. “संकलन शून्य. हेही बरोबर. पुढे घसरलीय. चार.”

“चार?”

“चारच. पाच देता येणार नाहीत. तुम्हाला हवे होते का?”

“नाही सर,” मी म्हटलं, “चार पुरेत.” आणि इतका वेळ धरलेला श्वास सोडला, तो त्यांना ऐकू गेला असावा.

मग सरांनी परीक्षा विभागाकडून लिफाफा मागवला आणि त्यातून माझं आदर्श उत्तर बाहेर काढलं. “आता हेही तपासून टाकू. नियम सगळ्यांना सारखा.” सूत्र, एक. डीएक्स, डीवाय, एक. सोपं रूप, एक. संकलन, शून्य. दोन भाग केले नाहीत, शून्य. मग त्यांनी माझ्याकडे मिस्कील नजरेने पाहिलं. “शेवटचं उत्तर बरोबर आहे बुवा. त्याचा एक देऊ का?”

“देऊ नका. दोन चुका एकमेकींना भेटल्या म्हणून आलंय ते.”

“मग सहापैकी तीन.”

“आणि ज्या पोरांनी माझ्यासारखंच केलंय त्यांचं?”

“त्यांचे कापायचे नाहीत. ती तुमच्याकडूनच शिकली. शिक्षा शिकवणाऱ्याला.”

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, बरं झालं, आता मीठ जास्त पडलं तरी बोलायची सोय झाली. मी त्या रात्री उशिरापर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळभर एकशे चाळीस पेपर पुन्हा पाहिले. शून्य लिहिणारे आणखी दोघं निघाले. त्यांचेही भोपळे पुसले आणि पायऱ्यांचे मार्क दिले. एक मुलगा तर शून्यापर्यंत पोचून घाबरला होता आणि खोडून शेजाऱ्याचं चार तृतीयांश लिहून मोकळा झाला होता. त्याला घाबरवणारा नियम माझाच होता. तेव्हा तो नियमही मी मोडीत काढला. आता वर्गात सांगते, उत्तर अशक्य आलं तर खोडू नका, शेजारी लिहा, ‘हे अशक्य आहे, पण चूक सापडत नाही.’ त्याला मी एक मार्क देते.

गुरुवारी दुपारी परीक्षा विभागाचा शिक्का बसला आणि मी तिला बोलावून घेतलं. पेपर हातात दिला. तिने आधी पहिलं पान बघितलं. छत्तीस खोडून चाळीस. तिने ते बोटाने एकदा चाचपून पाहिलं. शाई खरी आहे का बघत असावी. नुसती मान हलवत राहिली, आणि डोळे भरून आले तसे पटकन खिडकीकडे वळवले. मी आपली टेबलावरची पेनं सरळ करत बसले.

मग माझं आदर्श उत्तर तिच्यापुढे सरकवलं. “हेही बघून घे.”

तिने लाल अक्षरातले तीन मार्क पाहिले. एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे. “मॅडम, तुम्हाला माझ्यापेक्षा एक कमी?”

“हो. मी बांधावर गेले नव्हते.”

ती खळखळून हसली. वर्षभरात पहिल्यांदा मी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला. मग तिने पाचव्या प्रश्नाचं पान उघडलं. तिथे माझी ती वरपासून खालपर्यंतची लाल रेघ तशीच होती, आणि समासातलं ते वाक्यही. ‘डोळे उघडे ठेवून बघत जा!’ नियमाप्रमाणे पेपरावर मार्क सोडून तपासणीचं दुसरं काही खोडता येत नाही, म्हणून मी ते खोडलं नव्हतं. फक्त त्याच्याखाली त्याच लाल पेनने लिहिलं होतं, ‘बघितलं.’ आणि खाली माझी सही केली होती.

सोमवारपासून ती सातपूरला जायला लागली.